मोठ्या आईची पाटोडी कागदावर: रेकॉर्डिंगवरून पाककृती कशी लिहावी

मोठ्या आईने पाटोडी-रस्सा, म्हणजे बेसनाच्या वड्या आणि झणझणीत रस्सा, करून दाखवला, त्याचं ३४ मिनिटांचं रेकॉर्डिंग माझ्या फोनमध्ये आहे. त्यात मी ११ वेळा "किती?" असं विचारलंय आणि एकदाही आकडा मिळालेला नाही. "पुरते तेवढं", "हाताला समजते", "पाहूनच टाकजो" अशी उत्तरं आहेत. तिचं घर यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याकडे, चूल अजून रोज पेटते, आणि तिच्याकडे मोजायचं एकच साधन आहे: एक पितळी वाटी. हे रेकॉर्डिंग ऐकून दुसऱ्याला पाटोडी करता येईल असा कागद तयार करायला मला चार बैठका लागल्या. त्या कशा केल्या ते पाटोडीचंच उदाहरण घेऊन क्रमाने सांगते. तुमच्याकडे आजीचे रोडगे असोत की मामीचा गोळाभात, काम याच वाटेने जाईल.

आधी शब्दशः उतरवा

सगळ्यात आधी रेकॉर्डिंगची एक प्रत दुसरीकडे ठेवा आणि मूळ फाइलला हात लावू नका. मग एकदा काहीही न लिहिता पूर्ण ऐका. कोणता पदार्थ आधी चढला, मध्ये कोण आलं, चूल कधी विझली हे त्या वेळी डोक्यात बसतं. दुसऱ्यांदा ऐकताना मात्र थांबत थांबत लिहा आणि प्रत्येक वाक्यासमोर फोनवर दिसणारी वेळ टाका. वेग अर्ध्यावर आणला की चुलीच्या आवाजातलं पुटपुटणंही कळतं. माझ्या वहीतला एक तुकडा असा आहे:

०६:४० "आधण आलं पाह्य. मीठ टाकलं का आपण? टाकलं."
०७:०५ "एका हातानं वैरायचं, एका हातानं घोटायचं. थांबलीस तं गाठी होतीन."
०७:५० (घोटण्याचा आवाज जड झाला)
०८:२० "आता झाकण ठेव. इस्तो मांग घे."
१३:३० "बोट ओलं करून लाव. चिकटलं नाही न? झालं मंग."

या पायरीवर तिची भाषा सुधारू नका. "इस्तो मांग घे" याच्या जागी मी पहिल्यांदा "मंद आच करा" असं लिहिलं होतं आणि नंतर पस्तावले. लाकडं मागे ओढली तरी खाली विस्तव राहतो, कढईला तळातून ऊब मिळत राहते, फक्त ज्वाळ जाते. "मंद आच" म्हटलं की वाचणारा गॅसची ज्योत जेमतेम दिसेल इतकी बारीक करतो, आणि मग वाफच धरत नाही. तिचे शब्द वहीत जसेच्या तसे ठेवा, अर्थ समोर वेगळा लिहा.

शब्दांचे अर्थ लिहून ठेवायचं आणखी एक कारण आहे. आपल्याकडे विदर्भात सांबार म्हणजे कोथिंबीर, गंज म्हणजे पातेलं, सराटा म्हणजे उलथणं, अद्रक म्हणजे आलं. घरात कुणाला हे सांगावं लागत नाही, पण कागद पुण्या-मुंबईला गेला की लागतं.

जे बोललं गेलं नाही तेही लिहा

तिसऱ्यांदा फक्त आवाजांसाठी ऐका. स्वयंपाक करणारी बाई रोजच्या गोष्टी बोलून दाखवत नाही. मीठ, हिंग, तेलाची दुसरी पळी, मध्येच शिंपडलेलं पाणी, हे सगळं हात करून जातो. माझ्या रेकॉर्डिंगमध्ये ०५:२० ला डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आहे, पण ती बोलतेय शेजारच्या लग्नाबद्दल. तो डबा हिंगाचा निघाला. फोडणीत हिंग आहे हे ३४ मिनिटांत तिने एकदाही उच्चारलेलं नाही.

आवाजातून पायऱ्यांच्या कडा सापडतात. जिऱ्याची तडतड सुरू होते तो क्षण, फोडणीत पाणी पडल्यावरचा चर्र आवाज, आधणाची खदखद, झाकण. बेसन वैरताना सुरुवातीला सराटा कढईला आपटून खणखणतो, मिश्रण घट्ट झालं की तो आवाज दबतो. या जागांची वेळ लिहून ठेवलीत की पुढे मिनिटं काढणं सोपं जातं.

शेवटी वहीत वेगळ्या पानावर प्रश्न काढा: "ऐकू आलं पण कळलं नाही" आणि "असायला हवं पण ऐकू आलं नाही". माझ्या दुसऱ्या यादीत रश्श्याचं मीठ होतं.

वाटी तोला

हा कामाचा गाभा आहे, आणि बहुतेक लिहिलेल्या पाककृती इथेच चुकतात. तिने "दोन वाट्या बेसन" म्हटलं की आपण आपल्या घरची वाटी घेतो. वाटीला ठरलेलं माप नाही. त्यामुळे तिचीच वाटी, तिचीच पळी, तिचाच तांब्या मोजायचा.

स्वयंपाकघरातला छोटा काटा असेल तर रिकामी वाटी ठेवून तो शून्यावर आणा आणि वाटी पाण्याने काठोकाठ भरा. पाण्याचा १ ग्रॅम म्हणजे १ मिली, म्हणून काट्यावरचा आकडा हेच वाटीचं माप. मोठ्या आईची वाटी १६० मिलीची निघाली. पळी छोटी असते, काट्यावर नीट ठेवता येत नाही. तिच्यातलं पाणी औषधाच्या बाटलीवरच्या मापाच्या झाकणात ओतून पाहिलं, २५ मिली भरलं.

पण वाटीचं माप कळलं म्हणजे बेसन किती ते कळलं असं होत नाही. ती वाटी शिगेची भरते, वर डोंगर येईपर्यंत, आणि डब्याच्या कडेला दाबून घेते. मी तीच वाटी सपाट भरली तर बेसन ७२ ग्रॅम आलं. तिच्या हातची वाटी ९५ ग्रॅम. दोन वाट्यांमागे जवळपास ४५ ग्रॅमचा फरक, आणि पाटोडीत तेवढ्याने वडी मोडते की टिकते ते ठरतं.

काटा नसेल तर बंद पुडा वापरा. बेसनाचा ५०० ग्रॅमचा नवा पुडा फोडा आणि तिलाच त्यातून वाट्या भरायला सांगा. आमच्याकडे पाच वाट्या भरून वर पाव वाटी उरली. ५०० ला सव्वापाचने भागलं की तेच ९५ ग्रॅम येतात. ही रीत मला काट्यापेक्षाही आवडते, कारण मोजणाऱ्याकडे काही नसलं तरी चालते.

पुन्हा स्वयंपाक होणार असेल तर याहून चांगली युक्ती आहे. तिला थांबवून "हातातलं इथे ठेव" म्हणू नका. मोजलं जातंय हे कळलं की हात आखडतो. त्याऐवजी बेसनाचा, तिखटाचा, मिठाचा आणि तेलाचा डबा स्वयंपाकाआधी तोला आणि नंतर तोला. जेवढं वजन घटलं तेवढं पातेल्यात गेलं. रश्श्याचं न सांगितलेलं मीठ मला असंच सापडलं. तांब्यातलं पाणीही तसंच: आधी भरलेला, नंतर उरलेला. चिमूटभर हिंग मात्र काट्याला कळतच नाही. तिच्याकडून दहा चिमटी एका कागदावर काढून घ्या, तोला आणि दहाने भागा.

तिखटाबाबत ग्रॅम लिहून भागत नाही. नागपूर जिल्ह्यातल्या भिवापूरची मिरची आणि रंगासाठी घेतलेली मिरची, दोन्ही १० ग्रॅम घेतल्या तरी रस्सा वेगळा होतो. म्हणून वजनासोबत मिरची कोणती तेही लिहा. बेसनाचंही थोडं असंच आहे. मोठी आई घरची हरभऱ्याची डाळ गिरणीवर दळून आणते. ते पीठ पुड्यातल्या बेसनापेक्षा जाडसर असतं, पाणी हळू पितं आणि वाफ थोडी जास्त मागतं.

मिनिटं कुठून काढायची

वेळांची वही इथे कामी येते. बेसन वैरायला ०७:०५ ला सुरुवात, झाकण ०८:२० ला, "झालं मंग" १३:३० ला. म्हणजे वैरणं-घोटणं सव्वा मिनिट आणि वाफ सुमारे पाच मिनिटं. आकडा घेण्याआधी एक गोष्ट तपासा: रेकॉर्डिंग मध्येच थांबवून पुन्हा सुरू केलं होतं का? आवाज एकदम तुटला असेल, किंवा कांदा कच्चा असताना पुढच्या क्षणी लाल झाल्याचं बोलणं असेल, तर मधली मिनिटं हरवली आहेत. तिथे रेकॉर्डिंगची वेळ वापरू नका, "स्वतः करून पाहून" असं लिहा.

शिवाय ही मिनिटं तिच्या चुलीची आहेत, तिच्या जाड लोखंडी कढईची आणि दोन वाट्या बेसनाची. त्या दिवशी सरपणात पऱ्हाट्या होत्या. पऱ्हाटी भरकन पेटते, मोठी ज्वाळ देते आणि लवकर बसते. बाभळीच्या लाकडावर तोच कांदा वेगळ्या वेळात भाजेल. म्हणून कागदावर खूण आधी आणि मिनिटं नंतर लिहायची. "ओलं बोट लावलं तर चिकटत नाही, तोवर, अंदाजे ५ ते ७ मिनिटं" असं. मिनिटं एवढ्यासाठी की नवख्याला दुसऱ्याच मिनिटाला घाई होऊ नये आणि पंधरा मिनिटं झाली तर काहीतरी चुकलंय हे कळावं. माप दुप्पट केलं तर वाफेचा वेळ दुप्पट होत नाही, थोडासाच वाढतो. आधण यायला लागणारा वेळ मात्र बराच वाढतो.

विचारायचं कसं

प्रश्नांचं पान घेऊन तिच्याकडे परत गेले तेव्हा मी "किती" हा शब्द सोडून दिला. "पाणी किती?" याचं उत्तर "बसते तेवढं" असंच येणार. "पाणी जास्त झालं तं कसं समजते?" असं विचारलं आणि ती भरभरून बोलायला लागली: "थापली का ताटात पसरत जाते, कापली का सुरीला येते. मंग वाफ जास्त द्या लागते." आणि कमी झालं तर? "वडीला तडे जातेत. रश्श्यात टाकली का मोडते." एका उत्तरात दोन्ही टोकं मिळाली. चुकीची ओळख सांगता येणं हेच तिचं माप आहे, आणि ते कागदावर आकड्याइतकंच उपयोगी पडतं.

दुसरा चांगला प्रश्न: "एवढी किती जणांना झाली?" तिने सहा जणांना वाढलं, भाकरीसोबत. यावरून तुमचे आकडे वेडेवाकडे नाहीत ना ते ताडता येतं. सहा जणांना सव्वा लिटर रस्सा पटतो. तुमच्या हिशेबात अर्धा लिटर येत असेल तर कुठेतरी एक तांब्या ऐकायचा राहिलाय.

ज्यांच्याकडे आता विचारायला माणूस उरलं नाही, फक्त आवाज उरला आहे, त्यांनी घरातली त्या माणसाची भांडी शोधावी. वाटी, पळी, तांब्या बहुधा कुणाकडे तरी असतात. आणि त्या हातचं जेवलेल्या माणसाला चव घ्यायला बसवावं.

पहिल्यांदा करून पाहिलं तेव्हा

मी पहिल्यांदा केली ती वाटी तोलण्याच्या आधी. दोन सपाट वाट्या म्हणजे १४५ ग्रॅम बेसन, आणि पाणी मात्र तिच्या तांब्याच्या हिशेबाने ५०० मिली. ओल्या बोटाला ते चिकटतच राहिलं. मी १४ मिनिटं वाफ दिली, तरी थापल्यावर कडा पसरल्या, आणि रश्श्यात वड्या विरघळून सगळं पिठल्यासारखं झालं. मला वाटत होतं वेळ कमी पडतोय. चूक मापात होती: बेसनाच्या साडेतीनपट पाणी झालं होतं. शिगेच्या वाट्यांनी १९० ग्रॅम घेतल्यावर हेच प्रमाण २.६ पटीवर आलं आणि सहाव्या मिनिटाला बोट कोरडं सुटलं.

यावरून एक सवय लावून घ्या. खूण ठरलेल्या वेळेत आली नाही तर आधी वजनं तपासा, मग आच. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. बेसन वाढवलं, पाणी कमी केलं आणि कढईही बदलली, तर कशाने जमलं ते कळत नाही.

कागद असा झाला

प्रत्येक आकड्यापुढे मी तो कुठून आला ते लिहिते: "सां" म्हणजे तिने सांगितलेलं, "मो" म्हणजे मोजलेलं, "अं" म्हणजे माझा अंदाज. पुढे कुणाला बदल करायचा झाला तर कुठे हात लावावा हे त्यावरून समजतं. आकडे गोल करा. काट्यावर १८८ आलं तरी १९० लिहा, कारण तिचा हातही रोज दोन-चार ग्रॅम इकडेतिकडे जातोच.

पाटोडी-रस्सा, सहा जणांसाठी. वाटी १६० मिलीची, पळी २५ मिलीची.

पाटोडीसाठी: गिरणीवर दळलेलं बेसन २ शिगेच्या वाट्या (सां), १९० ग्रॅम (मो), पाणी ५०० मिली (मो), तेल २ पळ्या (सां), लसूण ६ पाकळ्या आणि हिरव्या मिरच्या ३, ठेचून (सां), जिरं १ चमचा (अं), हिंग २ चिमटी (मो), हळद अर्धा चमचा (अं), मीठ ६ ग्रॅम, म्हणजे सपाट १ छोटा चमचा (मो). वरून खोबऱ्याचा कीस मूठभर (सां) आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर.

रश्श्यासाठी: कांदे २ मध्यम (सां), सुकं खोबरं ३० ग्रॅम (मो), खसखस १ मोठा चमचा (अं), लसूण १० पाकळ्या, अद्रक बोटाच्या एका पेराएवढं (सां), धने, जिरं, लवंग, दालचिनी, दगडफूल मिळून मूठभर नव्हे, तळहाताच्या खळग्यापुरतं (सां), १५ ग्रॅम (मो), भिवापुरी तिखट १० ग्रॅम (मो), तेल ३ पळ्या (सां), पाणी सव्वा लिटर (मो), मीठ १० ग्रॅम (मो).

१. कढईत तेल तापवून जिरं तडतडू द्या. लसूण-मिरचीचा ठेचा घाला, लसणाची कड लाल होईतो परता, अंदाजे १ मिनिट. हिंग, हळद, मग पाणी आणि मीठ.

२. पाण्याला खळखळून आधण येऊ द्या. नुसते बुडबुडे आल्यावर बेसन टाकलं तर गाठी होतात. एका हाताने बेसन वैरत दुसऱ्या हाताने घोटत राहा. सराट्याचा आवाज दबला आणि गोळा कढईच्या कडा सोडायला लागला की थांबा, १ ते दीड मिनिट.

३. झाकण ठेवून आच कमी करा. गॅसवर लहान शेगडी, ज्योत मध्यमपेक्षा थोडी खाली. मध्ये एकदा खालीवर करा. ओलं बोट लावून पाहा, चिकटलं नाही की झालं; ५ ते ७ मिनिटं. चिकटत असेल तर आणखी २ मिनिटं वाफ.

४. गरम असतानाच तेल लावलेल्या ताटात ओल्या हाताने थापा, जाडी अर्ध्या पेराएवढी, साधारण १ सेंटिमीटर. कीस आणि कोथिंबीर दाबून लावा. १५ मिनिटांनी शंकरपाळ्यासारख्या वड्या कापा. सुरी स्वच्छ बाहेर यायला हवी.

५. कांदे आणि खोबरं विस्तवावर किंवा थेट ज्योतीवर भाजा. कांद्याची वरची साल काळी आणि आतून मऊ. मसाले आणि खसखस कोरडे भाजा. खसखस शेवटी, अर्ध्या मिनिटात करपते. सगळं लसूण-अद्रकासोबत बारीक वाटा.

६. तेलात वाटण परता. सुरुवातीला ते तेल पिऊन घेतं, मग कडेने तेल सुटतं, ७ ते ८ मिनिटं. आच कमी करून तिखट घाला, लगेच कडकडीत गरम पाणी आणि मीठ. गार पाणी घातलं तर तर्री नीट वर येत नाही, असं मोठी आई सांगते. वर लाल तर्री दिसेपर्यंत उकळा, १० ते १२ मिनिटं.

७. वड्या रश्श्यात उकळू नका. ताटात वड्या, वरून रस्सा.

दुसऱ्याच्या हातात द्या

ज्याने रेकॉर्डिंग ऐकलेलं नाही अशा कुणाला तरी हा कागद देऊन स्वयंपाक करायला सांगा, आणि तुम्ही गप्प बसा. मी पुण्यातल्या वहिनीला पाठवला होता. ती जिथे अडली तिथून तिने फोन केला आणि मी प्रत्येक अडथळा वहीत लिहिला. पहिला फोन दुकानातून आला: "वरून घालायला सांबार मसाला कोणता आणू?" तोवर कोथिंबीर हा शब्द कागदावर नव्हता. दुसरा वैरण्यावरून: चाळणीने घालायचं की मुठीने? मी पुन्हा रेकॉर्डिंग ऐकलं, त्यात काहीच नव्हतं. मोठ्या आईला विचारलं. "मुठीनं, बोटाच्या फटीतून सुटू द्यायचं," ती म्हणाली, "एकदम मूठ सोडू नको." तिसरा फोन आला नाही, वड्यांचा फोटो आला. कापलेल्या कडा सरळ होत्या. तो फोटो मी मोठ्या आईला दाखवला, तिने जरा जवळ धरून पाहिला आणि म्हणाली, "खोबरं कमी लावलं." त्यामुळे खोबऱ्याच्या किसापुढे आता "मूठभर (सां)" असं लिहिलं आहे, आणि खाली तारीख.